आकडा बघा आणि फोन पोराच्या हातात द्या

चवथीला घर भरलंय, आरतीला वेळ आहे, पोरं ऐकत नाहीत? सोपं आहे, फोन द्या. गेमखाली वयाचा आकडा 3+ दिसला की पुढचं एक अक्षर वाचायचं नाही.

Fantasy Violence लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका, राक्षसच मारतायत.

हा आकडा कोण ठरवतं विचारू नका. प्ले स्टोअरवरच्या गेमचा फॉर्म गेम बनवणाराच भरतो, रक्त आहे का, शिव्या आहेत का, भीतीदायक काही आहे का, आणि त्या उत्तरांवरून आयएआरसी नावाच्या रेटिंग संस्थेची सिस्टीम आकडा काढून देते. तुमच्या खिशाला किती भोक पडेल हे त्या आकड्यात येत नाही, पण आपल्याला काय करायचंय त्याचं!

जुगाराची काळजी तर अजिबात नको, त्यासाठी युरोपात गेमना वयाचा आकडा देणारी पेगी बसलीय ना. बालाट्रो नावाचा पत्त्यांचा गेम आहे, त्यात खरे पैसे लावायची सोयच नाही, पण पोकरचे हात शिकवतो म्हणून पेगीने 2024 मध्ये त्याला 18 दिला, आणि अपील झाल्यावर 2025 मध्ये 12 वर आणला. आणि त्याच काळात त्याच पेगीच्या 3 वर फुटबॉलचे गेम विकले जात होते, ज्यात खरे पैसे देऊन बंद पाकीट फोडायचं आणि आत कोण खेळाडू निघेल ते नशीब, आवडता नाही निघाला तर अजून एक पाकीट, मग अजून एक, पण मैदानावर रक्त सांडत नाही ना, मग लहान मुलांचाच गेम तो! इकडे मांडवीतल्या कसिनोत 21 च्या आतल्याला पाय ठेवू देत नाहीत आणि आमच्या घरात माटोळीखाली बसून नऊ वर्षांचा भाचा तसलीच पाकिटं फोडतोय, भावोजींच्या कार्डावर, आणि भावोजी मला सांगतात, "अरे 3+ आहे रे, काय होतंय?" बँकेचे मेसेज आले तेव्हा कळलं काय होतंय ते. मग रिफंडसाठी अख्खी दुपार फोन घेऊन कोण बसलं? मी. नेवरी तळायच्या सोडून.

अहो, आकड्याखाली एक ओळ असते, ती वाचा की! In-Game Purchases म्हणजे आत दुकान आहे. त्याच्या पुढे Random Items असेल तर काय मिळणार ते पैसे गेल्यावर कळणार. Users Interact म्हणजे अनोळखी माणूस पोराशी बोलू शकतो, आणि तो काय बोलेल त्याला कसलंच रेटिंग नसतं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, दोन मिनिटं लागत नाहीत. ते करायचं नाही, कार्ड सेव्ह करून ठेवायचं आणि वर पोराच्या पाठीत धपाटे घालायचे, लाज वाटत नाही?