बाप्पा आणि बावीस इंच

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी फक्त वेटरकडून चहा मागायला हात वर केला, आणि सात दिवसांच्या गणपतीची सगळी जबाबदारी माझ्यावर आली.

वर्गणी फ्लॅटमागे 501, फ्लॅट 48. क्यूआर कोड टाकला ग्रुपवर, झालं काम, असं मला वाटलेलं. पैसे आले पण कुणाचे ते कळेना. आजोबांची वर्गणी बंगलोरच्या लेकाच्या खात्यातून, 304 ची वहिनींच्या माहेरच्या आडनावाने, आणि रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर लिहा म्हटलं तर लोकांनी लिहिलं 'मोरया'. शेवटी जमा 46 जणांचे आणि "आम्ही तर पहिल्याच दिवशी दिले" म्हणणारे 48.

रोजची नोटीस वेगळीच. आठची आरती म्हणजे साडेआठ हे माहीत असल्याने मी शहाणपणा करून साडेसात लिहिलं, तर ए विंगच्या आजी साडेसातच्या ठोक्याला निरांजन घेऊन हजर, आणि तासभर नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या. सातव्या दिवशी घाईत लिहिलं, 'सर्व सभासदांचे विसर्जन सायं. 5 वाजता'. दुपारपर्यंत कुणी बोललं नाही, फक्त फोटो काढून गेले.

मूर्ती शाडूची, दोन फुटी, म्हणून हौदावर न जाता खालीच पिंपात विसर्जन ठरलं. निळं 200 लिटरचं पिंप आणलं, उंची मोजली, मस्त बसत होती. उत्तरपूजा झाली, मूर्ती जरा हलवली, दहीपोह्यांची शिदोरी दिली, चौघांनी उचलली (शाडू काय जड असते ते उचलल्याशिवाय कळत नाही) आणि पिंपाशी आल्यावर समजलं की तोंड बावीस इंच आणि लोड, उंदीर धरून बैठक चोवीस. रुंदी कुणी मोजलीच नव्हती. चौघांचे हात थरथरतायत, ढोल वाजतोय, आणि "तिरकी घाला" हा सल्ला देणारे सगळे लांब उभे.

मग सी विंगच्या एका पोराने वरून त्याचा हवेचा स्विमिंग पूल आणला, डॉल्फिनची चित्रं असलेला. त्यात पाणी जेमतेम फूटभर. खालचा भाग विरघळायला लागला, पण छातीपासून वर बाप्पा कोरडेच, आणि मुकुटाला ऑइल पेंट, त्यामुळे तिथे तर पाणी आत शिरेचना. खालून माती सुटली की मूर्ती कलंडणार, म्हणून आडवी ठेवून वर ओला पंचा घातला आणि आळीपाळीने तांब्या तांब्या पाणी ओतत बसलो. रात्री दोनला वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, तुम्ही झोपा, मी बघतो." मला उठवेचना.

सकाळी तळाशी मऊ गाळ, वर सोनेरी रंगाचे पापुद्रे. पापुद्रे गाळून काढले, मूठभर माती पाटावर घेतली, बाकीची मूर्तिकाराकडे परत पोचवली.

पूलचा मालक शाळेत जाताना थांबला आणि म्हणाला, "काका, धुऊन द्या हं. आणि आमची वर्गणी राहिलीय, आई म्हणाली सांगू नको."