ओटीचे तास जुळले म्हणजे पैसे जुळले?

“पगाराच्या स्लिपवरचे ओटीचे, म्हणजे जादा कामाचे, तास हजेरीपत्रकाशी जुळले की रक्कम बरोबरच असते, हिशोब सॉफ्टवेअर करतं. रात्रपाळीचा भत्ता तर ठरलेलाच, तो काय बघायचा?”

तास जुळणारच, कारण बहुतेक वेळा स्लिप त्याच हजेरीपत्रकावरून निघते. पत्रक चुकलं असेल तर दोन्हीकडे तीच चूक दिसते. म्हणून पडताळणी पंचच्या मूळ वेळांवरून करायची.

समजा, 8 दिवस रोज 2 तास 45 मिनिटं ओटी झाली. एकूण 22 तास. पत्रकात मात्र रोज 2.45 लिहिलंय आणि खाली बेरीज 19.60. स्लिपवरही 19.60. पंचेचाळीस मिनिटं म्हणजे पाऊण तास, दशांशात 0.75, ती .45 म्हणून बेरजेत गेली आणि 2.40 तास बुडाले. ओळखायची खूण सोपी आहे: रोजच्या आकड्यांत .15, .30, .45 दिसतात, पण .25, .50, .75 कुठेच नाहीत आणि बेरीज मात्र साध्या दशांशासारखी केलेली.

आता दर. स्लिपवर दर क्वचितच छापलेला असतो, तो उलटा काढावा लागतो. याच स्लिपवर ओटीची रक्कम 3397.33 आहे. तिला 19.60 ने भागलं की 173.33 येतात. ओटी दुप्पट दराने जाहीर असेल, तर साधा तास 86.67 चा धरला गेला. ज्या महिन्याच्या पगारावर ओटी मोजायची तो 20800 असेल, तर 20800 भागिले 86.67 म्हणजे 240, अर्थात 30 दिवस गुणिले 8 तास. जाहीर पद्धत 26 दिवसांची असेल तर भाजक 208, साधा तास 100 चा आणि ओटीचा 200 चा. मग 22 तासांचे 4400 व्हायला हवेत. फरक 1002.67 चा, आणि ‘तास जुळले’ म्हणणाऱ्याला यातला एक पैसाही दिसला नसता. मात्र जाहीर पद्धतच 30 दिवसांची असेल, तर तक्रार फक्त तासांची उरते.

रात्रपाळीचा दर ठरलेला असतो, रात्रींची संख्या नव्हे. रात्री 10 ला आत आणि सकाळी 6 ला बाहेर म्हणजे दोन पंच दोन तारखांना. सॉफ्टवेअरमध्ये पाळी नीट लावलेली नसेल तर पहिल्या तारखेला ‘आउट पंच नाही’ असं दिसतं आणि ती रात्र भत्त्यातून गळते. पाळी संपल्यावर 8 पर्यंत थांबलात, तर तो पंच कधी कधी दिवसपाळीचा ‘इन’ धरला जातो. मग रात्रही जाते आणि दोन तास ओटीही. रात्री मोजताना पाळी सुरू झाली ती तारीख धरा. पगाराचा महिना ज्या दिवशी बंद होतो ती रात्र वेगळी लिहा. ती पुढच्या स्लिपवर आली असेल तर चूक नाही, दोन्हींवर नसेल तर आहे.

तक्रार देताना नुसतं ‘पैसे कमी आले’ लिहू नका. तारीख, इन, आउट, माझे तास, पत्रकातले तास असे पाच रकाने करा. टाइम ऑफिसला कोणती ओळ दुरुस्त करायची ते त्यावरून कळतं.