पोरांचं सगळं माहिती होतं तर पोलिसांत का नाही गेलात? एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला. म्हणजे तुम्ही महिनोन्महिने गुंड पोरांच्यात बसून चहा पिणार, त्यांचे धंदे माहिती करून घेणार आणि पोलिसांना एक शब्द सांगणार नाही, वर त्याला संशोधन म्हणणार. उद्या त्यांनी कोणाला मारलं तर तुमचे हात स्वच्छ राहतात का? आणि ते तुम्हाला काही करत नाहीत म्हणजे तुम्ही त्यांचेच झालात. माझा भाचा पोलिसात आहे, त्याला दाखवतो हे."
एक वाचक, परभणी

नमस्कार परभणीकर,

टोळ्यांतल्या पोरांवर मी करत असलेल्या अभ्यासाचा तो लेख भाच्याला जरूर दाखवा. त्याला त्यातून एकही नाव, गल्ली किंवा तारीख काढता आली तर मला लगेच कळवा, तो भाग मी काढून टाकतो, कारण तो माझ्यासाठी धोक्याचा नाही, त्या पोरांसाठी आहे.

आता मुद्द्यावर. "धंदे माहिती करून घेणार" इथंच तुमचं आणि माझं वेगळं होतं बघा. माझी फील्डवर अर्धी मेहनत माहिती न होऊ देण्यात जाते. मला बघायचं असतं ते असं की पोरगा टोळीत येतो कसा, आई-बाप ऊसतोडीला गेलेले आणि हा आजीकडं राहिलेला, त्याला पहिल्यांदा बाईकवर मागं कोण बसवतं, भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो खालच्या ओळीतून वर कधी सरकतो, केस लागली तर जामीनदार कोण उभा राहतो, वकिलाची फी कोण देतं आणि त्या फीच्या बदल्यात पुढं काय मागतं. यातल्या कशालाच "त्या रात्री नेमकं काय केलंस" हे विचारावं लागत नाही. पोरं मात्र स्वतःहून सांगायला लागतात, फुशारकी असते, नवीन माणूस ऐकायला मिळालेला असतो, आणि तिथंच थांबवावं लागतं. मी सरळ म्हणतो, नाव नको घेऊ, जागा नको सांगू, नंतर तुला काय वाटलं ते सांग. सुरुवातीला हसायचे, "सर, मग कामून आलाव तुमी?" म्हणायचे. नंतर सवय झाली, एकमेकांनाच गप करायला लागले.

हे सगळं सभ्यपणा म्हणून नाही हो. आपल्याकडं वकिलाला अशिलाचं बोलणं गुप्त ठेवायचं संरक्षण आहे, नवरा-बायकोलाही आहे, संशोधकाला काहीच नाही. पोलिसांची नोटीस आली तर वही, मोबाईल सगळं द्यावं लागू शकतं, साक्षीला बोलावलं तर जावं लागतं. अमेरिकेत १९९३ मध्ये रिक स्कार्स नावाच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यानं प्राणीहक्कवाल्या कार्यकर्त्यांबद्दल खटला चालवायचा का ते ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीपुढं सांगायला नकार दिला, तर कोर्टाच्या अवमानासाठी १५९ दिवस जेलमध्ये बसला. तिकडं निदान त्यावर चर्चा तरी झाली. म्हणून आमच्या कामातला जुना नियम आहे, जे तुम्हाला सांभाळता येणार नाही ते हातात घेऊच नका.

आणि "एक शब्द सांगणार नाही" हेही बरोबर नाही. काही गुन्ह्यांची खबर देणं कोणत्याही नागरिकाला बंधनकारक आहे, आधी फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याचं, सीआरपीसीचं कलम ३९ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम ३३ आहे. खून, दरोडा, दंगल, खंडणीसाठी अपहरण वगैरे त्या यादीत आहे, आणि गुन्हा झालेलाच पाहिजे असं नाही, कोणाचा तसा इरादा कळला तरी लागू होतं. साधी चोरी, साधी मारहाण पूर्वी यादीत नव्हती. पण नव्या कायद्यात गमत अशी झाली की टोळीतल्या पोरानं केलेली चोरी, हिसकावणं, जुगार हे 'लहान संघटित गुन्हा' म्हणून वेगळं कलम झालं, आणि ते कलम या यादीत आलं. म्हणजे जुन्या कायद्यात जे नुसतं ऐकून सोडून देता येत होतं ते आता तसं राहिलं नाही. त्यानंतर मी चोरीचे किस्सेसुद्धा अर्ध्यात थांबवायला लागलो. लहान मुलांवरचा लैंगिक अत्याचार तर पोक्सोखाली कळवावाच लागतो, तिथं पळवाट नाही, आणि मला ठेवायचीही नाही.

हे सगळं मी पोरांना पहिल्याच आठवड्यात टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मागचं मला नको. कोणाचा जीव जाणार असं कळलं, किंवा लेकराचं काही असलं, तर मी बोलणार, आणि लपून नाही, आधी तुम्हाला सांगून बोलणार. सह्या कोणाच्याच घेतल्या नाहीत, कारण सही केलेला फॉर्म हाच उद्या त्यांच्याविरुद्ध सगळ्यात मोठा कागद झाला असता, संशोधन नीतीला धरून आहे का ते बघणाऱ्या एथिक्स कमिटीनं तोंडी संमती मान्य केली. अठराच्या आतली पोरं मी घेतलीच नाहीत, जवळ येऊन बसली तरी त्यांच्याबद्दल वहीत काही नाही.

आत कसा गेलो हे दोघातिघांनी इनबॉक्समध्येही विचारलंय म्हणून इथंच सांगतो. भाऊकडून नाही गेलो. भाऊच्या हातानं आत गेलात की खालची पोरं भाऊला आवडेल तेवढंच बोलतात, आणि भाऊशी कोणाचं बिनसलं तर तुमचंही बिनसतं. मी गेलो गणेश मंडळाच्या एका म्हाताऱ्या काकांकडून, ज्यांचं टोळीत काही नाही पण ज्यांच्यासमोर पोरं सिगारेट लपवतात. विभागाचं पत्र एसपी ऑफिसला गेलं होतं, त्यात गल्ली नाही, नावं नाहीत, फक्त तरुण मंडळांचा अभ्यास एवढंच. ते पत्र गेलंय हे पोरांनाही सांगितलं, कारण ते त्यांना दुसरीकडून कळलं असतं तर मी त्याच दिवशी खबरी ठरलो असतो.

तरी परीक्षा झालीच. एकानं मुद्दाम माझ्या कानावर घातलं की अमुक पडक्या वाड्यात 'सामान' ठेवलंय. तिथं काहीच नव्हतं. पोलीस येतात का एवढंच बघायचं होतं त्यांना, आणि मधले काही दिवस कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. मला हे नंतर कळलं. अशा वेळी माणूस घाबरून जास्त गोड बोलायला लागतो, तिथंच संशय पक्का होतो. रोजच्या वेळेला जाणं, रोजच्या वेळेला उठणं, बस.

आता "ते तुम्हाला काही करत नाहीत म्हणजे त्यांचेच झालात" याबद्दल. सुरक्षित राहणं म्हणजे त्यांच्यात मिसळणं नाही, उलट आहे. मी त्यांच्या गाडीवर बसत नाही, माझी गाडी रस्त्याकडं तोंड करून लावतो, दारूच्या बैठकीत बसत नाही, उधार देत नाही घेत नाही, आणि 'मॅटर' मिटवायला चाललेत म्हटलं की जात नाही, कितीही चांगला डेटा मिळणार असला तरी. त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नाही, कारण उद्या एखाद्याचा मोबाईल जप्त झाला की ग्रुपमधला प्रत्येक नंबर आरोपीचा साथीदार वाटतो. पोलिसांचं कोम्बिंग आलं तर पळायचं नाही, हात दिसतील असे ठेवायचे, ओळखपत्र दाखवायचं, बाकीच्यांबद्दल तिथं रस्त्यावर बोलायचं नाही. फिलाडेल्फियातल्या अभ्यासावरून ॲलिस गॉफमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईवर २०१४ नंतर एवढी टीका झाली ती याचसाठी, मित्राच्या खुन्याला शोधायला निघालेल्या माणसाला घेऊन ती स्वतः गाडी चालवत होती असं तिनंच लिहिलं होतं. इथं माणूस बघणारा राहत नाही, साथीदार होतो. तुमचा आरोप तिच्या त्या रात्रीला लागू पडतो, त्यात मी तुमच्या बाजूनं आहे.

पण सगळं इतकं स्वच्छ नसतं. एक पोरगा तडीपार होता, मुंबई पोलीस कायद्यानं, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस कायद्यानं जास्तीत जास्त २ वर्षं जिल्ह्याबाहेर ठेवता येतं. आई आजारी म्हणून तो रात्री परत आला आणि मी त्याला टपरीमागं पाहिला. हद्दीत परत येणं हा गुन्हाच आहे, पण खबर देण्याच्या यादीतला नाही, म्हणून मी फोन केला नाही. त्यानं एक रात्र माझ्या खोलीवर झोपू द्या म्हटलं, त्याला नाही म्हणालो. बघणं आणि आसरा देणं यात फरक आहे आणि तो कायद्यातही आहे. त्याचा राग आला त्याला, पुढं कितीतरी दिवस तो बोलला नाही, आणि तडीपारीवरचा माझा भाग त्यामुळं पातळ राहिलाय.

त्याहून अवघड प्रसंग मिरवणुकीनंतरचा. दुसऱ्या गल्लीच्या पोरांनी यांच्यातल्या एकाला मारलं होतं आणि "रविवारी बगू" सुरू झालं. "तोडतो, सोडत नाही" हे तिथं रोजचं आहे, त्यावर रोज ११२ ला फोन केला तर पोलीसही दोन दिवसांत उचलायचे बंद होतील. खरं कधी आहे ते आवाज कमी झाला की कळतं. लहान पोरांना घरी हाकलतात, ज्याचं लग्न ठरलंय त्याला तू येऊ नको म्हणतात, मोबाईल घरी ठेवायची गोष्ट निघते. त्या संध्याकाळी यातलं पहिलं दिसलं, बाकीचं नाही. मी तिथंच मोठ्यानं म्हणालो की हे मला ऐकू येतंय आणि मी काय सांगितलं होतं ते आठवतंय ना. एकदम गप झाले. मग सगळ्यांना दिसेल असा उठून काकांकडं गेलो, रविवारी पोरांना कामाला लावा एवढंच बोललो. माणूस, वेळ किंवा हत्यार यातलं काहीही पक्कं कळलं असतं तर त्याच रात्री फोन केला असता आणि फील्ड तिथंच संपलं असतं. रविवारी काही झालं नाही. काकांमुळं की पोरांचा जोरच ओसरला, मला सांगता येत नाही. एखादा वकील म्हणेल की इराद्याचा संशय आला तिथंच कळवायला पाहिजे होतं, आणि तो अगदीच चूक ठरणार नाही.

राहिलं वह्यांचं. गॉफमननं तिच्या नोंदी नष्ट केल्या, पोरं वाचली असतील पण मग तिचं लिहिलेलं कोणाला तपासता येईना. मी दुसरं केलंय. वहीत टोपणनावं, तारखेऐवजी "पावसाळ्यात", "पोळ्याच्या आसपास", आणि खरं नाव कोणतं ते सांगणारी यादी एकाच कागदावर वेगळी, मोबाईलमध्ये किंवा क्लाउडवर काहीच नाही. ती यादी कधी फाडायची हे मी फील्डवर जायच्या आधीच एथिक्स कमिटीच्या अर्जात लिहून दिलंय, फील्ड संपल्यावर इतक्या मुदतीत म्हणून. हे आधी लिहिणं फार गरजेचं, कारण नोटीस हातात पडल्यावर कागद फाडला तर तो पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा होतो, आणि मग मात्र तुमच्या भाच्याला माझ्या घरी यावंच लागेल.