नाव झाकलं तरी बाकीचा रेझ्युमे बोलतो

रेझ्युमेंना गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही भेदभाव शिरतो, या माझ्या म्हणण्यावर गोव्यातल्या एका वाचकाची प्रतिक्रिया: "आमच्या वेर्ण्याच्या कंपनीत सॉफ्टवेअर रेझ्युमेंना गुण देतं. नाव, फोटो, जन्मतारीख आम्ही आधीच काढून टाकतो. मग भेदभाव शिरणार कुठून? माणसापेक्षा यंत्र बरं, सगळ्यांना एकच मोजपट्टी. तुम्ही उगाच भीती पसरवताय."

माणसांबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या संशोधकांनी भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक होता तो नावांचा. २००७ साली त्यांचा अभ्यास छापून आला. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढचं बोलावणं कमी आलं होतं. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो, कारण यातली बरीच सॉफ्टवेअरं अशाच जुन्या निवडींवरून शिकतात. पूर्वी कोणाला घेतलं, त्यांच्या रेझ्युमेत कोणते शब्द होते, हे पाहून ती शब्दांना वजन देतात. मोजपट्टी एकच असते हे खरं, पण तिच्यावरच्या खुणा आपल्याच जुन्या हातांनी केलेल्या असतात.

अ‍ॅमेझॉनने २०१४ पासून असं एक साधन बनवायला घेतलं होतं. आधीच्या दहा वर्षांचे रेझ्युमे त्याला दिले, आणि त्यांत पुरुषांचे जास्त होते. साधनाला उमेदवार स्त्री की पुरुष हे सांगायची गरजच पडली नाही. 'महिला बुद्धिबळ क्लबची कर्णधार' यातल्या 'महिला' या शब्दाला ते गुण कापू लागलं, केवळ मुलींच्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांनाही खाली ढकलू लागलं. ते शब्द निष्प्रभ केले, तरी ते दुसऱ्या कुठल्या खुणेवरून तेच करणार नाही याची खात्री कोणी देईना. शेवटी प्रकल्प गुंडाळला. रॉयटर्सने २०१८ मध्ये ही बातमी दिली.

आता आपल्याकडचं. मी एका कंपनीसाठी अकाउंट्स असिस्टंटच्या जागेचे रेझ्युमे तपासले, तेव्हा साखळीकडच्या एका बाईंचा कागद मुद्दाम बाजूला घेतला. नाव, जन्मतारीख काही नव्हतं. पण पहिल्या नोकरीत 'टॅली ७.२' लिहिलेलं होतं. ही २००५ च्या सुमाराची आवृत्ती, म्हणजे वयाचा अंदाज तिथेच आला. पुढे तीन वर्षांची मोकळी जागा, आणि त्या काळात महिला बचतगटाचा हिशेब सांभाळल्याची एक ओळ. कोणी 'शिगमोत्सव समितीचा खजिनदार' लिहितो, कोणी 'पॅरिश युथ ग्रुपचा सचिव', तिथे धर्मही झाकलेला राहत नाही. कॉलेजचं नाव तर दुहेरी काम करतं: शिक्षण सांगतं आणि भागही. पूर्वीची भरती बहुतेक पणजी-म्हापशाकडच्या मुलांची झाली असेल, तर काणकोण किंवा सत्तरीच्या मुलाच्या कॉलेजला वजनच मिळत नाही. त्याला बॅलन्स शीट जुळवता येते की नाही, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

त्या बाईंच्या रेझ्युमेची मी नक्कल केली आणि एकच गोष्ट बदलली: 'टॅली ७.२' च्या जागी 'टॅली प्राइम'. त्या कंपनीच्या सॉफ्टवेअरने दिलेले गुण वाढले. थोडं थांबून विचार केला, कारण नवी आवृत्ती वापरता येणं हे कौशल्यही असू शकतं. म्हणून दुसऱ्या नकलेत टॅली मूळचंच ठेवलं आणि फक्त 'महिला बचतगट' च्या जागी 'बचतगट' केलं. तरी गुण वाढले. हिशेब तोच होता, त्यामुळे या वाढीला कामाशी जोडणारं कारण मला सापडलं नाही. चाचणी अशीच करायची: एका वेळी एकच बदल, नाहीतर गुण कशामुळे हलले ते कळत नाही. एका जोडीवरून निष्कर्षही काढू नका. तीस-चाळीस जोड्या करा आणि फरक वारंवार एकाच दिशेला जातो का ते बघा.

दुसरी तपासणी निकालावरची. अमेरिकेत १९७८ पासून चार-पंचमांशाचा, म्हणजे ८० टक्क्यांचा, एक ठोकताळा वापरतात. समजा १०० पुरुषांतले ४० पुढे गेले, म्हणजे ४० टक्के, आणि ५० बायकांतल्या १४, म्हणजे २८ टक्के. २८ ला ४० ने भागलं की ७० टक्के येतात. ८० च्या खाली आलं की कारण शोधायचं. आपल्याकडे हा कायदा नाही, आणि अर्जच दहा असतील तर एका माणसाने दर दहा टक्क्यांनी हलतो, तेव्हा दोन-तीन भरत्यांचे आकडे एकत्र करून पाहा. या मोजणीसाठी स्त्री-पुरुष आणि वय यांची नोंद कुठेतरी असावी लागते. गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून ती दूर ठेवा, पण पुसून टाकू नका. सगळंच काढून टाकलंत तर तुमच्याकडे भेदभाव होत नाही हे तुम्हालाही दाखवता येणार नाही.

तुमच्या मागच्या भरतीची यादी एचआरकडे असेलच. नाकारलेल्यांतले वीस कागद गुण न बघता एखाद्या अनुभवी अकाउंटंटला वाचायला द्या, आणि त्यांतल्या किती जणांना ते मुलाखतीला बोलावतील ते मला कळवा.