खुलासा: पहिल्या बिडाच्या पुलाने नेमके काय सिद्ध केले?

फिरणारा दावा: "1779 च्या लोखंडी पुलाने दाखवून दिलं की लोखंड दगडापेक्षा सगळ्याच बाबतीत सरस आहे."

हे अर्धेच खरे. इंग्लंडमधील सेव्हर्न नदीवरचा हा पूल बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. बीड दाब उत्तम सोसते, ताणाखाली मात्र तडकते. म्हणून त्याला दगडी पुलासारखीच कमान दिली. कमानीत मुख्यतः दाबच येतो. सुमारे 30 मीटरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, नदीत एकही खांब न घेता ओलांडला. 1795 च्या महापुरात सेव्हर्नवरचे अनेक पूल मोडले, हा टिकला, कारण पाण्याला अडवणारे फारसे काही नव्हते.

जोडणी मात्र सुतारकामाची: खाचा, कुसू, पाचरी. पुलासाठी नव्या असलेल्या या धातूची गणिते कोणालाच येत नव्हती, त्यामुळे सुमारे 378 टन बीड खर्ची पडले. 1796 मध्ये जवळच बिल्डवास येथे अभियंता थॉमस टेलफर्डने सुमारे 40 मीटरचा गाळा 173 टनांतच बांधला.

शिवाय काठ नदीकडे सरकू लागल्याने पुलाच्या एका बाजूचा दगडी आधार पाडावा लागला, आणि बिडालाही तडे गेले.