बापू, मिनिममच भर रे

बापू, काल तू आईला फोनवर सांगितलंस ना, की ऑफिसच्या खाली एक पोरगी टेबल टाकून बसली होती आणि तिने पाच मिनिटात क्रेडिट कार्डचा फॉर्म भरून घेतला, लाइफटाइम फ्री, साठ हजाराची लिमिट. फोन ठेवल्यावर आईने मला विचारलं, काय गं, फुकट कोण देतं आजकाल? मी म्हटलं आई, काळजी करू नको, पोरगा मार्गी लागला. हातात चोवीस हजार पडायच्या आधीच साठ हजार खर्चायची सोय झाली म्हणजे माणूस मोठाच झाला की. तर आता मोठी बहीण म्हणून पैसा आणि धीर यावर दोन शब्द सांगते, नीट ऐक.

आपल्या बाबांचं उदाहरण अजिबात डोळ्यासमोर ठेवू नको. ते म्हणजे जुनं मॉडेल. जूनमध्ये केळीची मृगबाग लावायची, मग ठिबक, खत, घडाला टेकू, मे महिन्याच्या वादळात बाग आडवी होते का म्हणून रात्रभर जागायचं, आणि वर्षभराने कुठे व्यापाऱ्याची गाडी बांधावर येते. पैसा दिसायच्या आधी बारा महिने धीर. हा उलटा धंदा झाला. तू नव्या जमान्याचा आहेस, घेताना धीर धरायचा नाही, सगळा धीर फेडायच्या वेळेसाठी राखून ठेवायचा. घेताना दहा सेकंद, फेडताना दहा वर्षं.

म्हणून सांगते, पहिला फोन चाळीस हजाराचाच घे. दहा-बारा हजाराचा पण चालतो, कॉल लागतो, आईचा चेहरा व्हिडिओत दिसतो, पण कॅन्टीनमध्ये टेबलावर उलटा ठेवला की तीन कॅमेरे दिसले पाहिजेत ना. मी पण हेच केलं होतं पुण्यात, दिवाळीच्या सेलमध्ये, ५ ऑक्टोबरला. पगार तुझ्याएवढाच. १५ तारखेला बिल आलं आणि त्यात दोन आकडे होते. एक मोठा, चाळीस हजार, एकूण देय. आणि त्याच्या शेजारी किती गोड आकडा, दोन हजार, मिनिमम ड्यू. मुदत ४ नोव्हेंबर. आता तूच सांग, दुकानदार स्वतःहून म्हणतोय की ताई, दोन हजार द्या फक्त, बाकीचं बघू, तर आपण कशाला जास्तीचं घोडं दामटायचं? भरले दोन हजार. लेट फी नाही, रिकव्हरीवाल्याचा फोन नाही, नाव खराब नाही. खरंच नाही, मिनिमम भरलं की तेवढ्यापुरतं हे सगळं टळतं, त्यात बँक खोटं बोलत नाही. ती फक्त पुढचं मोठ्याने बोलत नाही.

पुढचं असं, की पुढच्या १५ तारखेला बिल आलं चाळीस हजार एकशे सत्त्याण्णवचं. मधे मी कार्डावर एक चहासुद्धा घेतला नव्हता. दोन हजार भरून कर्ज दोनशेने वाढलं. मला वाटलं कंप्युटरची चूक असेल, कस्टमर केअरला फोन लावला, वीस मिनिटं गाणं ऐकलं आणि मग एका पोराने फार प्रेमाने समजावलं. पूर्ण बिल मुदतीत भरलं असतं तर व्याज शून्य. पण थोडं जरी बाकी ठेवलं तर व्याज उरलेल्या अडतीस हजारावर आणि मुदत संपल्यापासून लागत नाही, ते लागतं पूर्ण चाळीस हजारावर आणि खरेदीच्या दिवसापासून. म्हणजे ५ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर तीस दिवस चाळीस हजारावर, त्यापुढचे अकरा दिवस अडतीस हजारावर. दर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाचे बेचाळीस. झाले अठराशे बासष्ट. आणि त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, तीनशे पस्तीस. कर मी भरला रे बापू, व्याजावर. देशसेवा करायला बॉर्डरवरच जावं लागतं असं थोडंच आहे.

आता गावाकडच्या भाषेत सांगते. आपल्याकडे सावकाराला शिव्या का देतात? कारण तो शेकडा तीनने देतो. पारावर बसलेली माणसं म्हणतात, रक्त पितो तो. आणि मी शेकडा साडेतीनने घेतलं, वर जीएसटी, जो आजवर कुठल्या सावकाराने लावला नसेल, आणि मला तर बँकेने मेसेज पाठवला, डिअर कस्टमर, यू आर प्रिव्हिलेज्ड. सावकाराने कधी कोणाला प्रिव्हिलेज्ड म्हटलंय का? इथेच तो मागे पडला बिचारा.

मी मग पूर्ण वर्षभर धीर धरला. दर महिन्याला फक्त मिनिमम, बिलाच्या पाच टक्के. साधारण दोन हजार भरायचे, त्यातले सोळाशे व्याज आणि करात जायचे आणि चारशे मुद्दलातून कमी व्हायचे. बारा हप्त्यांत जवळपास तेवीस हजार भरले. तेराव्या बिलावर बाकी किती? छत्तीस हजार. तेवीस हजारात चार हजाराचं कर्ज फिटलं आणि तोवर फोनची काच तडकली होती ती वेगळीच. आपल्या बागेत पिलं कशी येतात तू बघितलंय ना, घड कापला तरी बुंध्याच्या बाजूने पिलं फुटतच राहतात. बाबा एक जोमदार पील पिलबागेसाठी ठेवतात, बाकीची विळ्याने कापतात. मी एकही कापलं नव्हतं, सगळीच वाढवली.

आणि बिलाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की दर महिन्याला फक्त किमान रक्कम भरलीत तर फेड कित्येक वर्षं लांबेल. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नियमांत सक्तीच केली आहे हा इशारा छापायची. तू ते वाचू नको, डोळ्याला त्रास होतो.

उलट अजून मजा करायची असेल तर मिनिमम भरत असतानाच कार्ड वापरत राहा. एरवी नवीन खरेदीला बिलाच्या मुदतीपर्यंत व्याज नसतं, तीच तर कार्डाची खरी कमाई, पण मागची बाकी असली की ही सवलत बंद. मग शनिवारी मित्रांबरोबर हॉटेलात शेवभाजी खाल्ली तर त्या शेवभाजीवरही त्याच दिवसापासून व्याज, पेट्रोलवर, आईला घेतलेल्या साडीवरही. आणि एटीएममधून कार्डावर कॅश तर नक्की काढ, त्याला पहिल्यापासूनच बिनव्याजी दिवस नसतात, वर काढायची फी वेगळी. जत्रेत पाळण्यात बसल्यासारखं होतं पोटात.

काही आगाऊ लोक तुला बिघडवतील, त्यांच्यापासून सांभाळ. ते म्हणतील अॅपमध्ये ऑटोपे लाव आणि लावताना टोटल अमाउंट ड्यू निवड, मिनिमम नको. (पटपट क्लिक करणारे हमखास तिथे चुकतात, मीही चुकले होते, ऑटोपे लावलंय या समाधानात चार महिने गेले.) ते म्हणतील तुझा पगार ७ तारखेला आणि बिलाची मुदत ४ तारखेला, म्हणून दर महिन्याला खिसा रिकामा असतानाच मुदत येते, तर बँकेला सांगून बिलाची तारीख बदलून घे, तशी सोय द्यायला बँका बांधील आहेत. अजिबात सांगू नको, त्या तीन दिवसांतच तर मिनिममचा मोह होतो, तो गेला तर आयुष्यात राहिलं काय?

आणि चुकूनही बँकेला असं विचारू नको की माझी बाकी हप्त्यात बदलून देता का. मी तेराव्या महिन्यात विचारलं, लाज सोडून. त्यांनी छत्तीस हजाराचे बारा हप्ते करून दिले वर्षाला सोळा टक्क्यांनी, महिन्याला बत्तीसशे सहासष्ट. व्याज आणि त्यावरचा कर मिळून वर्षभरात अडतीसशेच्या आसपास गेले, प्रोसेसिंग फी थोडी वेगळी. आदल्या वर्षी हेच एकोणीस हजार गेले होते. फरक एवढाच की दोन हजाराऐवजी बत्तीसशे भरताना मेसचा डबा एकवेळचा करावा लागला आणि कार्ड कपाटात आईच्या जुन्या पाकिटात गेलं. नुसता कंटाळा. कोणी लाइक करत नाही असल्या धीराला.

हे सगळं मी घरी कधी सांगितलं नव्हतं. त्या वर्षी बाबांनी सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं, केळीला भाव पडलेला असताना, आईची पाटली मोडायची पाळी आली होती तरी, कारण मुदतीत भरलं की सरकारच्या सवलतीने व्याज जवळजवळ शून्य पडतं. एका घरात बाप शून्य टक्क्यासाठी रांगेत उभा आणि शिकलेली पोरगी बेचाळीसने फोन फिरवतेय. बाबांना फोनची किंमत मी अठरा हजार सांगितली होती. तुला माहीत आहे आता, बोलू नको कुठे.

बोलू नको म्हणते, पण त्यांना कळलंच. बाकी हप्त्यात वळवली त्या महिन्यात मला वाटलं सुटलो, कार्डावर बाकी शून्य दिसत होती. पुढच्या महिन्यात बिल आलं, पहिला हप्ता आणि शिवाय साडेसातशे रुपये. मागचं बिल निघाल्यापासून बाकी वळवली त्या दिवसापर्यंतचं व्याज राहिलं होतं, ते नंतरच्या बिलात येतं म्हणे. तेव्हा मी दिवाळीला घरी आले होते, ओट्यावर बसून मोबाइलमध्ये बघत होते, बाबा मागे उभे. चष्मा वर करून त्यांनी तो आकडा वाचला, मग हप्त्याचा वाचला, मग मला सगळं विचारून घेतलं, अगदी पहिल्या पाच तारखेपासून. ओरडले नाहीत. बोटावर काहीतरी मोजलं आणि एवढंच म्हणाले, "इतला याज?" मग विळा घेऊन बागेत गेले, पिलं कापायची राहिली होती.