व्याज दिसतं, त्यावर कापलेला कर दिसत नाही?

बास झालं आता! आयकराचा रिफंड यायचा होता २१,६०० रुपये, आला ७,२००. विवरणपत्र तपासून आयकर खातं पाठवतं ती १४३(१)ची सूचना उघडली. दोन रकाने: मी काय भरलं आणि त्यांनी काय धरलं. उत्पन्न दोन्हीकडे अगदी सारखं. टीडीएस माझ्याकडे ३८,४००, त्यांच्याकडे २४,०००. मधले १४,४०० गायब!

हे १४,४०० म्हणजे मुदत ठेवीच्या १,४४,००० रुपये व्याजावर बँकेने कापलेले दहा टक्के. व्याज माझ्या उत्पन्नात धरलं, त्यावर कर लावला, पण त्याच व्याजातून कापलेला कर मात्र अमान्य. हा कुठला हिशेब?

बँकेने टीडीएसचं तिमाही विवरणपत्र उशिरा दुरुस्त केलं, म्हणून आकडा २६एएसमध्ये, म्हणजे माझ्या नावे जमा कराच्या नोंदीत, नंतर चढला. ठीक. पण आता तर चढलाय ना? म्हणून कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज केला. माझं विवरणपत्र बरोबरच होतं, म्हणून 'Reprocess the return' निवडलं. उत्तर काय? तोच आदेश, तेच २४,०००. २६एएस उघडून पाहायचे कष्ट कुणी घेतले का?

आता पुन्हा अर्ज. यावेळी 'Tax credit mismatch correction', बँकेचा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, एकेक अक्षर तपासून. निकालाला मुदत किती? अर्जाचा महिना संपल्यापासून सहा महिने! मला विवरणपत्राला एक दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क, आणि माझ्याच पैशांसाठी मी वर्षभर पोर्टलवर 'प्रलंबित' वाचत बसायचं?